फिल्म घराची, कात्री एकीची

घरच्या समारंभासाठी फिल्म करायची ठरली की ती कोणी करायची, यावर फारशी चर्चा होत नाही. ज्याच्याकडे लॅपटॉप आहे आणि ज्याला ‘त्यातलं कळतं’, त्याच्या गळ्यात ती पडते. बहुतेक वेळा हा घरातला सगळ्यात लहान माणूस असतो: कॉलेजात शिकणारी नात, नाहीतर नुकताच नोकरीला लागलेला पुतण्या. मत देणारे मात्र सगळे त्याच्याहून मोठे. घरगुती फिल्मचं संकलन रेंगाळतं ते मुख्यतः या उलट्या उतरंडीमुळे. थोरले काका फोनवर म्हणतात, “तेवढं गाणं बदल गं.” नात म्हणते, “हो काका.” हा ‘हो’ म्हणजे कबुली. संध्याकाळी आत्याचा फोन येतो, “गाणं काय सुंदर घेतलंयस, अजिबात हलवू नकोस.” आत्यालाही ‘हो’च म्हणावं लागतं. रात्री ती गाणं बदलते, दुसऱ्या दिवशी परत लावते, आणि तिसऱ्या दिवशी आईशी भांडते.

मी लोकांच्या घरच्या फिल्म्सचं संकलन करते. परकी असल्यामुळे मला ‘नाही’ म्हणणं जरा सोपं जातं, तरीही हा खेळ मी पुष्कळ पाहिला आहे. मतं वेगवेगळी असणं हे काही दुखणं नाही. सात माणसांना एकच फिल्म एकाच कारणासाठी आवडली तर मला उलट शंका येते. मत जसं येईल तसं, आलेल्या क्रमाने, एकेक करून अमलात आणणं हे खरं दुखणं. त्यात शेवटी फोन करणारा जिंकतो आणि फिल्म कधीच थांबत नाही. म्हणून नातीने पहिली सवय लावून घ्यायची ती उत्तराची. कुणीही काहीही सांगितलं तरी उत्तर एकच, “लिहून घेते.” ‘करते’ नाही. यात उद्धटपणा नाही आणि वचनही नाही.

पुढचं सगळं एका घराच्या उदाहरणाने सांगते. हे घर मी अनेक घरांतून जुळवलेलं आहे. त्यातली भांडणं मात्र जशीच्या तशी घेतली आहेत.

आजोबा कराडच्या एसटी आगारात यांत्रिक होते. वयाची ऐंशी वर्षं आणि वर साधारण दहा महिने झाले की हजार पौर्णिमा होतात, तेव्हा सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम ठरला. हॉल घेतला, दोनशे माणसं बोलावली, जेवणाआधी फिल्म दाखवायची असं ठरलं. फिल्म आजोबांसाठी गुपित. करणार नात. मतं देणार सहा जण: आजी, पुण्याचे थोरले काका, कोल्हापूरची आत्या, न्यू जर्सीतले धाकटे काका, नातीची आई आणि थोरल्या काकांचा मुलगा, म्हणजे नातीचा दादा.

पहिला प्रश्न असा की शेवटचा शब्द कुणाचा? हा संकलन सुरू व्हायच्या आधी सोडवायचा असतो, कारण नंतर तो प्रश्न राहत नाही, वाद होतो. नातीचा शब्द शेवटचा असू शकत नाही, ते घरात कुणाला पटणार नाही. थोरल्या काकांचा असू शकतो, पण मग इतरांना वाटणार की ही काकांची फिल्म आहे. जिला थोरल्या काकांनाही ‘राहू दे रे’ असं सांगता येतं आणि ज्यावर काका गप्प बसतात, अशी व्यक्ती घरात शोधायची. या घरात ती आजी. पुष्कळ घरांत ती आत्या असते. आजीने काय करायचं, तर जिथे नातीला ठरवता येणार नाही तिथे ठरवायचं आणि ‘मी ठरवलंय’ असं सगळ्यांना सांगायचं. दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. निर्णय आजीचा असला तरी तो नातीच्या तोंडून कळला, तर काका पुन्हा नातीलाच फोन करतात.

दुसरं काम कागदावरचं. फिल्ममध्ये काय काय, कोणत्या क्रमाने येणार, हे एका पानावर लिहायचं: गाव आणि जुनं घर, आगारातली नोकरी, लग्न, मुलांची शिक्षणं, निवृत्तीनंतरची बाग, नातवंडं. डोक्यावर एक वाक्य. या घराचं वाक्य असं ठरलं: ‘स्वतः फारसं न बोलता ज्यांनी सगळ्यांना मार्गाला लावलं, ते आजोबा.’ वाक्य साधं आहे आणि साधंच हवं. त्याचा उपयोग पुढे होतो. धाकट्या काकांनी न्यू जर्सीच्या घराच्या वास्तुशांतीचे फोटो पाठवले, तेव्हा ते फिल्ममध्ये का नकोत हे सांगायला या वाक्याचा आधार होता. त्या फोटोंत आजोबा नव्हतेच. हा कागद सहाही जणांना वाचून दाखवायचा. ‘शेतीचं राहिलं की’, ‘माझी मंज कशी विसरलीस’ या तक्रारी इथेच निघतात, आणि कागदावर ओळ वर-खाली करायला काहीच लागत नाही. तीच तक्रार फिल्म तयार झाल्यावर आली, तर रात्र जाते.

रात्र का जाते, हे ज्यांनी संकलन केलेलं नाही त्यांना कळणं अवघड असतं. काकांना वाटतं, चार सेकंदांचा फोटो काढायचा, त्यात काय एवढं? पण फोटोंची माळ गाण्यावर बांधलेली असते. लग्नाचा फोटो नेमका समेवर पडतो, मुखडा परत येतो तेव्हा पहिलं बाळ दिसतं. मधले चार सेकंद काढले की त्यापुढचं सगळं चार सेकंद अलीकडे सरकतं. गाणं सरकत नाही, सरकवलं तर तुटतं. मग पुढचा प्रत्येक फोटो पुन्हा तालावर बसवायचा, त्याखालची नावं हलवायची, आजीच्या निवेदनाच्या वेळी गाणं जिथे हळू केलं होतं ती जागाही हलवायची. म्हणून धंद्यातला क्रम असा की आधी चित्र पक्कं करायचं, आवाज, गाणं, रंग आणि नावं त्यानंतर. चित्र पक्कं झालं की त्याला ‘पिक्चर लॉक’ म्हणतात. मतं घ्यायची ती लॉकच्या आधी, आणि तेव्हा फिल्म थोडी कच्चीच दिसली पाहिजे. गाणं तात्पुरतं, नावं साध्या अक्षरांत. फिल्म गुळगुळीत दिसली की लोक अक्षरांच्या रंगावर बोलतात, आणि नेमका बोलायला हवा तो भाग तसाच राहतो.

आता पहिली प्रत बाहेर जाते. या घरात ती 19 मिनिटं 40 सेकंदांची होती. माझ्या मते जेवणाआधी हॉलमध्ये बसलेल्या माणसांना पंधरा-सोळा मिनिटांपलीकडे बसवू नये, पण पहिली प्रत लांब असायला हरकत नाही. तिच्या कोपऱ्यात दोन गोष्टी कायम दिसल्या पाहिजेत: प्रतीचा क्रमांक आणि चालतं घड्याळ. घड्याळ नसलं तर ‘तो विहिरीवरचा फोटो, म्हणजे दुसरा विहिरीवरचा’ या पद्धतीने अर्धा तास जातो. डाविंची रिझॉल्व्हमध्ये Workspace मेनूत Data Burn-In आहे, त्यातून हे करता येतं. एक बारीक गोष्ट. तिथलं घड्याळ मुळात 01:00:00:00 पासून सुरू होतं. ते शून्यावर आणून ठेवा, नाहीतर पहिल्याच सेकंदाला ‘एक तास’ पाहून आत्या घाबरते. फाइलचं नाव AJOBA_V1, मग AJOBA_V2. ‘Final’ हा शब्द फाइलच्या नावात घालू नये. तो घातला की दुसऱ्या दिवशी Final_new जन्माला येते.

प्रत पाठवायच्या वाटेमुळेही खोट्या तक्रारी तयार होतात. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते, जुन्या फोटोंतले चेहरे डागाळतात, आणि सहापैकी तिघं सांगतात की फोटो धूसर आहेत. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते. यूट्यूबवर टाकून लिंक पाठवली, तर त्याच लिंकवर नवी प्रत बदलून ठेवता येत नाही. नवी प्रत, नवी लिंक. जुनी लिंक मात्र घरच्या ग्रुपवर फिरत राहते, आणि धाकटे काका पहिल्या प्रतीवर मत देत असतात तेव्हा नात दुसरी संपवत आलेली असते. म्हणून नवी प्रत गेली की जुनी लगेच Private करून टाकावी.

आता मतं कशी घ्यायची ते. ग्रुपवर अजिबात नाही. ग्रुपवर पहिलं मत थोरल्या काकांचं येतं, मग बाकीचे एकतर त्याला अंगठा दाखवतात नाहीतर त्याच्याशी भांडतात. स्वतःचं मत कुणीच देत नाही. शिवाय काही गोष्टी ग्रुपवर बोलता येत नाहीत, आणि त्याच सगळ्यात महत्त्वाच्या असतात, त्या पुढे सांगते. नातीने सगळ्यांना एकच मुदत दिली: शुक्रवारी रात्री फिल्म येईल, रविवारी रात्रीपर्यंत प्रत्येकाने एकट्याने मला फोन करायचा. न्यू जर्सीत रविवारची रात्र उशिरा होते, म्हणून धाकट्या काकांना सोमवार सकाळ. पहिल्यांदा न थांबवता सलग पाहायची, कारण हॉलमध्ये कुणी थांबवणार नाही. दुसऱ्यांदा घड्याळ बघत. आणि या तीन दिवसांत नातीने फिल्मला हात लावायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात कठीण. एखादी चूक दिसली की हात शिवशिवतो, पण शनिवारी काही बदललं तर रविवारचं मत वेगळ्याच फिल्मवर येतं.

‘कशी वाटली?’ हा प्रश्न विचारू नये. त्यावर ‘छान’ येतं, नाहीतर सूचना येतात: हे काढ, ते घाल, गाणं बदल. सूचना म्हणजे औषध, आणि आपल्याला आधी दुखणं कळायला हवं असतं. म्हणून विचारायचं की मोबाइल कुठे हातात घ्यावासा वाटला? कोण ते ओळखू आलं नाही, असं कुठे झालं? कशाची लाज किंवा वाईट वाटलं का? आणि काही चुकीचं सांगितलंय का? एवढे चार प्रश्न पुरतात. उत्तरं वहीत घ्यायची, मिनिट-सेकंद आणि नावासकट.

रविवारी रात्री वही भरली. आता ती निवडायची. माझा अनुभव असा की घरची सगळी मतं तीन ढिगांत पडतात, आणि प्रत्येक ढिगाचा मालक वेगळा असतो.

पहिला ढीग माहितीचा. आत्या म्हणाली, आजी-आजोबांचं लग्न 1970 चं, थोरले काका म्हणाले 1969 चं. यात मतदान नसतं. फोटोची मागची बाजू, लग्नपत्रिका, जुनी कागदपत्रं, काहीतरी सापडतं. इथे पत्रिका सापडली आणि आत्या बरोबर निघाली. पुरावा सापडलाच नाही, तर साल लिहायचंच नाही, ‘लग्नानंतर’ एवढं पुरतं. चुकीचं साल पडद्यावर आलं की हॉलमधली निम्मी माणसं पुढची दोन मिनिटं त्याबद्दल कुजबुजतात. नावं आणि नाती तपासायला घराबाहेरचा, पण घराला जुना असा एक माणूस गाठावा, एखादे शेजारी वगैरे. घरातल्यांना सगळी नावं इतकी पाठ असतात की ‘सुलोचना’चं ‘सुलाेचना’ झालेलं कुणाला दिसत नाही.

दुसरा ढीग दुखऱ्या जागांचा. यात बहुमत चालत नाही, ज्याचं दुखणं त्याचा शब्द. नातीच्या दादाने फोनवर बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी सांगितलं की अकराव्या मिनिटाला जो मोठा फोटो आहे त्यात त्याची पहिली बायको आहे. घटस्फोट होऊन काही वर्षं झाली आहेत, आता हॉलमध्ये त्याची दुसरी बायको शेजारी बसणार. हे तो ग्रुपवर कधीच बोलला नसता. उपाय फोटो कापण्याचा नाही. कापलेल्या फोटोत खांद्यावर एक हात तसाच उरतो आणि सगळ्यांचं लक्ष नेमकं त्या हाताकडे जातं. त्याच दिवशीचा दुसरा फोटो शोधला, त्यात फक्त आजोबा आणि नातवंडं होती. कुणालाही कारण सांगितलं नाही, आणि सांगायचंही नसतं.

आत्याचं वेगळं होतं. तिच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटमधली बारा सेकंदं नातीने घेतली होती. त्यात आतोबा मोठ्याने हसतात. आतोबांना जाऊन चार वर्षं झाली होती. आत्या फोनवर एवढंच म्हणाली, “ते बघवलं नाही गं एकदम.” काढू का, असं विचारल्यावर म्हणाली, “नको, असू दे. बरं झालं आधी पाहिलं.” मग हसण्याचा आवाज काढून ती बारा सेकंदं गाण्याखाली ठेवली. गेलेल्या माणसाचं हलतं चित्र आणि आवाज त्याच्या जवळच्या माणसाने पहिल्यांदा भरल्या हॉलमध्ये पाहणं, हे कधीही होऊ देऊ नये. मत द्यायची इच्छा नसली तरी अशा माणसाला फिल्म आधी दाखवलीच पाहिजे.

याच ढिगात भावकी येते. आजोबांचे धाकटे भाऊ आणि ते एकत्र असलेला एक फोटो होता. मधे वाटण्या झाल्या, बोलणं तुटलं. थोरले काका म्हणाले, “काढून टाक.” आई म्हणाली, ठेव, ते नाहीत असं दाखवून कसं चालेल? इथे दुखणं ना काकांचं ना आईचं, ते आजोबांचं. पण फिल्म गुपित असल्यामुळे आजोबांना विचारता येत नाही. हा प्रश्न आजीकडे गेला. आजीने विचारलं, “त्यांच्या घरचं कुणी येणार आहे का?” पुतण्या येणार होता. मग फोटो राहिला, फक्त त्याखाली नाव आणि नातं एवढंच लिहायचं ठरलं. आधी तिथे ‘भावाभावांचं प्रेम’ असं काहीतरी होतं, ते गेलं. आजीने काकांना स्वतः सांगितलं. नातीला काकांचा फोन आला नाही.

उरतो तिसरा ढीग, आवडीनिवडीचा, आणि सगळ्यात जास्त मतं यातच असतात. नाट्यगीत की नुसती सतार? पिवळी अक्षरं की पांढरी? इथे मालक नात. ज्याच्या हातात कात्री त्याची आवड. यावर मोठ्यांचा विश्वास बसत नाही, पण एकदा कागदावर तीन ढीग करून दाखवले, की ‘तुमची सालाची दुरुस्ती घेतली, तुमच्या म्हणण्यावरून फोटो बदलला’ असं पहिल्या दोन ढिगांतलं सांगता येतं, आणि तिसऱ्यातला आग्रह बराच सैल पडतो.

यात एकच गोष्ट मी वेगळी काढते, ती म्हणजे हजेरी. ‘आमच्या घराचं फारच कमी आहे’ ही तक्रार आवडीची वाटते, पण तसं नसतं. लोक खरोखर मोजतात. नातीने मोजलं तेव्हा थोरल्या काकांच्या घराचे जवळजवळ अडीच मिनिटं निघाले आणि धाकट्या काकांच्या घराचे अठरा सेकंद. साहजिक होतं, पुण्याहून आजोबांकडे येणं-जाणं जास्त, फोटो जास्त. सगळ्यांना सारखे सेकंद द्यायला निघालं की फिल्मची यादी होते, तेव्हा ते करू नये. पण प्रत्येक माणूस एकदा तरी ओळखू येईल असा दिसला पाहिजे. एकट्या माणसाच्या फोटोला चार सेकंद पुरतात, वीस जणांच्या फोटोला सहा-सात लागतात, कारण प्रत्येकजण आधी स्वतःला शोधतो. धाकट्या काकांकडे वास्तुशांतीऐवजी दुसरं काही मागितलं. त्यांच्याकडे एक व्हिडिओ कॉल जपून ठेवलेला होता, त्यात आजोबा नातवाला सायकलची चेन कशी बसवायची ते सांगत होते. पंचवीस सेकंदं. वाक्यात बसणारं आणि न्यू जर्सीचं घरही आणणारं. फिल्ममधली सगळ्यात चांगली पंचवीस सेकंदं तीच ठरली.

आता ते मत, ज्याच्यामुळे बहुतेक फिल्म्स पुन्हा पुन्हा कापल्या जातात. चौथ्या ते सहाव्या मिनिटात जुन्या घराचा भाग होता, एक मिनिट 55 सेकंदांचा. थोरले काका म्हणाले, “लांबलंय, कमी कर.” आत्या म्हणाली, “किती घाईत उरकलंयस गं.” दोघांचं ऐकायचं ठरवलं तर आधी भाग कापायचा आणि मग वाढवायचा, किंवा मधला आकडा काढायचा. मधल्या आकड्याने दोघंही नाराज राहतात.

वॉल्टर मर्च हा अमेरिकन संकलक, ‘अपोकॅलिप्स नाऊ’ आणि ‘द इंग्लिश पेशंट’ या चित्रपटांवर काम केलेला. संकलनावरच्या त्याच्या ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’ या छोट्या पुस्तकात त्याने अशा तक्रारींची तुलना सरकत्या दुखण्याशी केली आहे. कोपर दुखतं म्हणून डॉक्टरकडे गेलात तरी नस खांद्यात दबलेली असू शकते, आणि कोपरावर शस्त्रक्रिया करून काही होत नाही. प्रेक्षक ज्या प्रसंगाला नावं ठेवतात तो प्रसंग ठीक असेलही. तो समजायला जे आधी कळायला हवं होतं ते कळलेलं नसेल. दोन माणसं एकाच जागेबद्दल उलटसुलट बोलत असली, तर ती जागा तपासायची आणि दोघांचेही उपाय बाजूला ठेवायचे, असं मी यातून घेते.

नातीने तो भाग पुन्हा पाहिला. सुरुवातीला पन्नास सेकंद दादाने ड्रोनने घेतलेलं गाव, मग बंद दार, तुळस, विहीर. अगदी शेवटी आजीचा आवाज यायचा. 1972 चा दुष्काळ, विहीर आटली, आणि नोकरीसाठी आधीच कराडला राहणाऱ्या आजोबांनी बायकामुलांना तिकडे नेलं. हे एका वाक्यात संपायचं आणि लगेच आगाराचा फोटो. काकांना कंटाळा आला होता तो दार आणि विहीर आपण का बघतोय हे न कळल्याचा. आत्याला घाई वाटली होती ती घर सोडण्याच्या एका वाक्याची. तक्रारी दोन, पण मुळात गाठ एकच, आजीचं वाक्य उशिरा येत होतं. ते पहिल्या दहा सेकंदांत आणलं, ड्रोनचं वीस सेकंदांवर आणलं, आणि घर सोडल्यानंतर कराडच्या एका खोलीतला सगळ्यांचा फोटो दहा सेकंद धरला. भाग एक मिनिट 35 सेकंदांवर आला. काका म्हणाले, आता आटोपशीर झालंय. आत्या म्हणाली, आता सविस्तर झालंय. वीस सेकंद कमी झाल्याचं तिला सांगितलं नाही.

अशी गाठ प्रत्येक वेळी सापडत नाही. सापडते की नाही ते पाहायची एक युक्ती आहे. तक्रार आलेल्या जागेच्या आधीचा अर्धा मिनिट दाखवून विचारायचं, ‘आता हे कोण, आणि कुठे चाललेत?’ उत्तर चुकलं तर दुखणं मागे आहे. उत्तर बरोबर आलं आणि तरी कंटाळा आला, तर भाग खरंच लांब आहे, सरळ कापावा.

एवढं सगळं एकाच बैठकीत करून दुसरी प्रत गेली, 16 मिनिटं 10 सेकंदांची. दुसऱ्या फेरीत प्रश्न एकच ठेवायचा: ‘आधी सांगितलेल्यातलं काही बिघडलंय का?’ नवी मतं या फेरीत घेत नाहीत, हे आधीच सांगून ठेवलेलं असावं. तरी येतात. दादाला दुसऱ्या प्रतीत आठवलं की आजोबांच्या बागेतला आंबा राहिला. ‘लिहून घेते.’ माझ्या मते घरच्या फिल्मला दोन फेऱ्या पुरतात. तिसरी फेरी मागणाऱ्या घरात बहुधा शेवटचा शब्द कुणाचा हे ठरलेलं नसतं. दुसऱ्या फेरीनंतर लॉक. लॉकनंतर नाव-साल चुकलं असलं तर दुरुस्ती, आवाज कमी-जास्त, एवढंच. एखादा माणूसच मधे गेला, तर अर्थात लॉक उघडावं लागतं.

लॉक कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात झालं पाहिजे, आदल्या रात्री नाही. कारण हॉलच्या पडद्यावर फिल्म एकदा चालवून बघायची असते. तिथे गाण्यात निवेदन बुडतं हे लॅपटॉपवर कळत नाही, आणि पेन ड्राइव्ह FAT32 असला तर 4 जीबीच्या वरची फाइल त्यावर जात नाही, हेही तिथेच कळतं.

नाकारलेल्या मतांचं काय? इथे पुष्कळ घरं चुकतात. काकांना वाटत असतं की गाणं बदललं गेलं, आणि ते हॉलमध्ये ऐकतात. म्हणून लॉकच्या दिवशी आजीने प्रत्येकाला फोन केला. काय घेतलं, काय घेतलं नाही आणि का. थोरल्या काकांना सांगितलं, “सतारच ठेवलीय. गाण्यात माझं बोलणं ऐकूच येईना.” न्यू जर्सीला फोन नातीने लावून दिला, बोलली आजीच. नाकारलेलं बरंचसं वाया जात नाही, कारण सगळं साहित्य, वास्तुशांतीचे फोटो, दादाचं ड्रोन, आंबा, कॅसेटमधलं आतोबांचं हसणं, एका वेगळ्या फोल्डरमध्ये जमा होत गेलेलं असतं. ते गाणं-बिणं न लावता, सालवार एकामागोमाग एक जोडून दिलं की दीड-दोन तासांची दुसरी फिल्म होते. तिच्यावर कुणाचं मत मागायचं नाही. ती प्रत्येक घराला पेन ड्राइव्हवर मिळणार आहे, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे हॉलमधल्या सोळा मिनिटांसाठीची रेटारेटी मुळातच कमी झाली. आत्याने म्हणे ती लांब फिल्म दोनदा पाहिली, आणि आता तिला त्यात विहिरीचे आणखी दोन फोटो हवे आहेत. ते नातीने लगेच घातले. तिथे लॉक नाही.